सगळ्यांचा अर्ज सारखाच असेल, तर निवड आडनावावर होते

मागे एकदा अकोल्यातल्या एका छोट्या संस्थेने निवड समितीत बाहेरचा सदस्य म्हणून आम्हाला बोलावलं होतं. पद एकच होतं आणि टेबलावर चाळीसेक अर्ज होते. पाच-सहा अर्ज वाचून झाल्यावर आपण तोच अर्ज पुन्हा वाचतोय की काय, असं वाटायला लागलं. "मी आपल्या प्रतिष्ठित संस्थेतील सदर पदासाठी माझे तीव्र स्वारस्य व्यक्त करू इच्छितो." पुढच्या अर्जात 'इच्छिते'. मग "मी एक कष्टाळू, समर्पित आणि वेगाने शिकणारा उमेदवार आहे". शेवटी "माझी कौशल्ये आपल्या संस्थेच्या ध्येयांशी उत्तम प्रकारे जुळतात". मोबाईलवरच्या एआयने लिहून दिलेले अर्ज होते, हे उघड होतं. त्या संस्थेचं ध्येय काय, ते एकाही अर्जात नव्हतं.

पण आम्हाला जे खटकलं ते पुढचं. अर्ज सारखेच निघाल्यावर समितीचे लोक अर्ज वाचेनासे झाले आणि पानाचा वरचा भाग पाहू लागले. नाव काय, आडनाव कुठलं, कॉलेज कोणतं. "हा आपल्या ओळखीतला दिसतो." "ही पुण्याला शिकली आहे." हे सगळं सहज बोलणं होतं, कोणाच्याही मनात कपट नव्हतं. निवडायला दुसरं काही हाताशी नव्हतं, एवढंच.

आमचं म्हणणं इथूनच सुरू होतं. मशीनचा अर्ज सगळ्यांना सारखं करतो, म्हणून तो समतेचा आहे, असं आपल्याकडच्या काही तरुणांना वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. अर्जातला मजकूर सारखा झाला की फरक करायला उरतात नाव, कॉलेज आणि ओळख. आणि पहिल्या पिढीतल्या पदवीधराचा पाय नेमका याच तीन जागी घसरतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून एक अभ्यास केला. 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त तो २००७ साली आला. शिक्षण आणि अनुभव सारखे ठेवले, नावं तेवढी वेगवेगळी. एकावर उच्चजातीय हिंदू नाव, एकावर दलित, एकावर मुस्लिम. बोलावणं येण्याच्या शक्यतेत दलित नाव उच्चजातीय नावाच्या बरंच मागे पडलं आणि मुस्लिम नाव त्याहूनही मागे. म्हणजे अर्जात बाकी सगळं सारखं असलं की काय घडतं, हे मोजून झालेलं आहे. आता आपणच आपला अर्ज इतरांसारखा करून घेतला, तर तो प्रयोग आपण स्वतःवर फुकटात करून घेतो.

मग मुलांना एआय वापरू नका म्हणून सांगायचं का? आम्ही तसं म्हणणार नाही. ज्यांच्या घरात काका बँकेत आणि मावशी कॉलेजात, त्यांचे अर्ज नेहमीच दुसऱ्या कोणीतरी नीट करून दिले. आपली मुलं सायबर कॅफेत वीस रुपये देऊन छापील नमुना घ्यायची, त्यात नाव आणि पत्ता भरायची. अर्ज कुठून सुरू करायचा, विषय कुठे लिहायचा, खाली 'आपला विश्वासू' लिहायचं की आणखी काही, हे ज्याला कोणी शिकवलं नाही त्याला मशीनने एक सांगाडा दिला, तर त्यात पाप नाही. चूक होते ती सांगाड्यालाच माणूस समजण्यात.

मशीनकडे असतं काय? मुलाने त्यात जाहिरात टाकलेली असते, पदवी टाकलेली असते, आणि 'फ्रेशर आहे' असं लिहिलेलं असतं. त्याने काय केलं ते कोणी सांगितलेलंच नसतं. मग उरलेली जागा मशीन दोन गोष्टींनी भरतं. एक म्हणजे गुण: कष्टाळू, प्रामाणिक, संघभावना असलेला. दुसरी जास्त धोक्याची. जाहिरातीत जे मागितलंय तेच उचलून ते उमेदवाराचा अनुभव म्हणून परत लिहून देतं.

अकोल्याच्या आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाचं असंच झालं. अकोल्यात डाळ मिल पुष्कळ आहेत. एका मिलच्या गोदामात मदतनीसाची जागा निघाली. त्याच्या अर्जात मशीनने लिहिलं, "मला साठा व्यवस्थापनाचा व्यापक अनुभव आहे." त्याला बोलावलं. मालकाने एकच विचारलं, "स्टॉक जुळला नाही तर आधी काय पाहतोस?" पोराची बोबडी वळली. गंमत अशी की त्याला उत्तर येत होतं. दोन उन्हाळे तो दुसऱ्या एका मिलमध्ये ट्रकपाशी उभा राहून कट्टे मोजत होता. कमी भरले तर आधी थप्पी पुन्हा मोजायची, मग वजनकाट्याची पावती काढून ताडून पाहायची, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. पण 'साठा व्यवस्थापन' या शब्दांत आपले दोन उन्हाळे आहेत हे त्याला कळलंच नाही. त्याला वाटलं, आपण खोटं बोललो आणि पकडले गेलो. खरा अनुभव असलेला मुलगा खोटा ठरून घरी आला, आणि तोही स्वतःच्याच अर्जामुळे.

म्हणून अर्ज दुरुस्त करायचा म्हणजे शब्द बदलायचे नाहीत. 'तीव्र स्वारस्य' काढून 'मनापासून आवड' घातलं तर काही फरक पडत नाही. आम्ही कसं करतो ते एका अर्जावरून सांगतो.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी अमरावतीत आमच्याकडे आली. याच वर्षी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. एका संस्थेची तालुका समन्वयकाची जाहिरात तिने आणली होती. खारपाणपट्ट्यातल्या गावांत जायचं, बचत गटाच्या बैठका घ्यायच्या, पिण्याच्या पाण्याची घरोघर माहिती भरायची, नोंदी ठेवायच्या. पदवी हवी, एक्सेल यावं, दुचाकी असल्यास प्राधान्य. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमिनीखालचं पाणी खारट. तिचं गाव त्याच पट्ट्यात आहे. आणि तिच्या हातातल्या अर्जात होतं:

"मी आपल्या नामांकित संस्थेतील तालुका समन्वयक पदासाठी अर्ज करताना अत्यंत उत्साहित आहे. माझ्याकडे उत्कृष्ट संवाद कौशल्ये आणि नेतृत्वगुण आहेत. मला ग्रामीण विकास आणि महिला सक्षमीकरणाच्या क्षेत्रात काम करण्याचा समृद्ध अनुभव आहे. मी एक्सेलमध्ये प्रवीण असून दबावाखालीही उत्तम कामगिरी करू शकते. आपल्या संस्थेच्या दृष्टिकोनात मौल्यवान योगदान देण्याची संधी मिळाल्यास मी आभारी राहीन."

आम्ही तिच्या हातात पेन दिला आणि म्हटलं, एकेक वाक्य वाच. प्रत्येक वाक्यापुढे आम्ही एकच प्रश्न विचारू: "म्हणजे काय केलं?" उत्तर आलं तर वाक्य ठेवायचं, नाही आलं तर काट मारायची.

"अत्यंत उत्साहित आहे." म्हणजे काय केलं? ती हसली. काट. "उत्कृष्ट संवाद कौशल्ये." गप्प. काट. "एक्सेलमध्ये प्रवीण." म्हणजे काय काय येतं? "यादी करता येते सर, बेरीज येते." हे खोटं वाक्य होतं, म्हणून तेही गेलं, पण त्याच्या जागी तिने सांगितलेलं खरं उत्तर समासात लिहून ठेवलं. "ग्रामीण विकासाचा समृद्ध अनुभव" यापाशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "अनुभव नाही सर. मी कुठं नोकरी केली?"

आपल्या मुलांची अडचण या एका वाक्यात आहे. अनुभव म्हणजे पगाराची पावती, असं त्यांनी धरून ठेवलंय. घरात, वस्तीत, विहारात, कॉलेजात जे केलं ते 'काम' या खात्यात त्यांनी कधी चढवलंच नाही. कारण त्यांच्या आईने केलेल्या कामालाही कधी कोणी काम म्हटलं नाही. मशीनला हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. ते विचारून काढावं लागतं, आणि विचारायला समोर माणूस लागतो.

आम्ही अर्ज बाजूला ठेवला. जाहिरातीतलं एकेक काम घेऊन विचारलं. बचत गट. तुझ्या घरात कोणी आहे गटात? "माय आहे." वही कोण लिहितं? "मीच."

मग आम्ही तिला सांगितलं, आता जसं बोलतेस तसंच सांग, शुद्ध करू नको. तिने सांगितलं ते जवळपास असं: "बाया सांजच्याले येतात. मी पैसे घेतो, वहीत लिवतो, मंग पासबुकाशी जुळवतो. एक खेप जुळेचना. पासबुकात अकराशे, वहीत नवशेच. रात्री बसून पाह्यलं, तं दोघींचे हप्ते मागच्या महिन्याच्या पानावर चढले होते. तवापासून पैसे घेतले का त्याच वक्ती बाईचा आंगठा नाही तं सही घेतो."

या एवढ्या बोलण्यात काय काय आहे ते पाहा. गटात अकरा बाया, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. बारावीपासून सलग तीन वर्षं ती वही लिहिते. फरक २०० रुपयांचा होता, तो तिने स्वतः शोधला. आणि पुन्हा होऊ नये म्हणून पद्धत बदलली. 'उत्कृष्ट नोंद व्यवस्थापन' असं मशीनने लिहिलं असतं, तर या चार गोष्टींतली एकही वाचणाऱ्यापर्यंत पोहोचली नसती.

दुसरं काम, घरोघर माहिती. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर झालं होतं. तिथे मैत्रिणीबरोबर तिने ४७ घरांत जाऊन पाण्याचा तक्ता भरला होता. नळ किती दिवसांनी येतो, साठवायला काय आहे, पाणी कोण भरतं. अडचण काय आली? "दुपारी गेलो तं घरी म्हातारे अन् लेकरंच. बाया वेचणीले." मग काय केलं? "सांजच्याले गेलो." कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळीच घर सोडते आणि दिवस कलल्यावर परतते. तिला घरी गाठायचं तर संध्याकाळी जावं लागतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः मायीबरोबर वेचणीला जात होती.

तिसरी गोष्ट आम्ही विचारली नव्हती, तिनेच सांगितली. वर्गातल्या मुलामुलींचे महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे २३ फॉर्म तिने भरून दिले होते. अडत कुठे होतं? कोणाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसायचं, कोणाचं मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं. म्हणून तिने फॉर्मला बसण्याआधी काय काय तपासायचं याची यादी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवली होती. ऑनलाइन नोंदी भरायच्या जागेसाठी याहून चांगला पुरावा कुठला हवा?

आता लिहायची वेळ आली आणि एक पेच उभा राहिला. ती म्हणाली, "मजुरीचं लिहू का? माय मजूर आहे, बाप नाही, हे लिहिलं तर घेतील का?" यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण खरं लिहायचं म्हणजे दुःख लिहायचं, असा एक गैरसमज आपल्याकडेही आहे.

सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून एक निबंध लिहिला आहे, तोही २००७ सालचाच. हे अधिकारी गुणवत्तेची भाषा बोलतात, पण उमेदवाराला 'कुटुंबाची पार्श्वभूमी' विचारतात आणि तिच्यावरून माणसाची लायकी ठरवतात, असं त्यात दिसलं. वडील काय करतात या प्रश्नाला आपल्या मुलामुलींकडे सोयीचं उत्तर नसतं. मग जो प्रश्न विचारणंच अन्यायाचं, त्याचं उत्तर आपण अर्जातच आगाऊ का द्यावं?

आमचा नियम सोपा आहे. घरची परिस्थिती त्या कामाशी जोडलेली असेल तेवढीच अर्जात येईल, आणि ती आपल्याला काय येतं हे सांगण्यासाठी येईल. 'आम्ही गरीब आहोत, म्हणून नोकरी द्या' हे वाक्य आपल्याला खाली बसवतं. 'वेचणीच्या दिवसांत बैठक संध्याकाळीच घ्यावी लागते, हे मला ठाऊक आहे' हे वाक्य आपल्याला टेबलाच्या पलीकडच्या माणसाबरोबर बसवतं, कारण ते त्याला कदाचित ठाऊक नसतं. अनुभव तोच आहे. एकदा तो दयेसाठी वापरला, एकदा ज्ञान म्हणून. बाप नाही हे तिने लिहिलं नाही. जात लिहिली नाही. जाहिरातीत मागितलेली नव्हती. राखीव जागेचा अर्ज असता तर प्रवर्ग लिहावाच लागला असता आणि तो तिचा हक्क आहे. दोन्हीकडे नियम एकच: मागितलं आणि लागत असेल तिथे ताठ मानेने लिहायचं, नाही तर आपलं आयुष्य कोणासमोर पसरायचं नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. ती जशी बोलली तसंच वऱ्हाडीत लिहायचं का? आम्ही नाही म्हटलं. वऱ्हाडी कमी प्रतीची आहे असं आम्ही मानत नाही. पण कार्यालयाचा अर्ज तिथल्या रिवाजाने लिहिला जातो आणि तो रिवाज तिला येतो, हेही दिसायला हवं. स्वतःचा आवाज म्हणजे फक्त बोली नव्हे. कोणती गोष्ट आधी सांगितली, कशावर भर दिला, वाक्य किती लांब ठेवलं, यात माणूस ओळखू येतो. ती बोलताना आधी काम सांगते, मग अडचण, मग उपाय. तिची वाक्यं आखूड आहेत. ती स्वतःला विशेषणं लावत नाही. हे तिघंही आम्ही ठेवले आणि व्याकरण तेवढं प्रमाण केलं. दोन तास गेले. शेवटी तिने स्वतः लिहिलेला अर्ज असा झाला:

"विषय: तालुका समन्वयक पदासाठी अर्ज.

महोदय, आपल्या जाहिरातीत खारपाणपट्ट्यातील गावांत बचत गट आणि पिण्याचे पाणी यांवर काम असल्याचे वाचले. मी दर्यापूर तालुक्यातील अशाच एका गावात राहते. या वर्षी समाजशास्त्र विषय घेऊन बी.ए. झाले. मी अजून पगारी नोकरी केलेली नाही, पण जाहिरातीतील काही कामे मी केली आहेत.

आमच्या गावातील ११ महिलांच्या बचत गटाची वही मी तीन वर्षे लिहीत आहे. दर महिन्याची जमा मी पासबुकाशी जुळवते. एकदा २०० रुपयांचा फरक आला. दोन हप्ते चुकीच्या महिन्याच्या पानावर लिहिले गेले होते. तेव्हापासून पैसे घेतानाच सही किंवा अंगठा घेण्याची पद्धत मी सुरू केली.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मैत्रिणीसोबत ४७ घरांची पाण्याची माहिती भरली. वेचणीच्या दिवसांत महिला दुपारी घरी भेटत नाहीत, म्हणून आम्ही संध्याकाळी गेलो. गटाच्या बैठकीची वेळही तशीच ठरवावी लागते, हे मला अनुभवाने माहीत आहे.

वर्गमित्रांचे शिष्यवृत्तीचे २३ ऑनलाइन फॉर्म मी भरले आहेत. एक्सेलमध्ये मला यादी आणि बेरीज करता येते. पुढचे शिकण्याची तयारी आहे. दुचाकीचा परवाना आहे, स्वतःची गाडी नाही.

गटाची वही मुलाखतीच्या वेळी दाखवण्यासाठी गटातील महिलांची परवानगी घेतली आहे."

शेवटचं वाक्य पूर्ण तिचं. आम्हाला सुचलं नव्हतं. वही बायांची आहे, दाखवायची तर त्यांना विचारायला हवं, हे तिच्या मनात आपसूक आलं. 'प्रामाणिक' हा शब्द अर्जात कुठेही नाही, पण हे वाक्य वाचणाऱ्याला तो शोधावा लागणार नाही.

इथे एक चूक हमखास होते, ती सांगून ठेवतो. असा अर्ज तयार झाला की मुलं तो पुन्हा मशीनमध्ये टाकतात, 'आणखी चांगला' करायला. मशीन तो गुळगुळीत करून देतं. '२०० रुपयांचा फरक' जाऊन 'आर्थिक तफावतींचे निराकरण' येतं, 'स्वतःची गाडी नाही' हे वाक्य गायब होतं, आणि आपण पुन्हा त्या चाळीस अर्जांच्या ढिगात जाऊन पडतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मशीनची मदत घ्या. पण नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा: एखादा आकडा, गावातला शब्द किंवा कबुली नाहीशी झाली असेल, तर ती परत घाला. आणि अर्ज एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे वाक्य आपलं नाही.

इंग्रजीत अर्ज मागितला तरी हीच वाट. आधी मराठीत खरं लिहायचं, मग ते साध्या, आखूड इंग्रजी वाक्यांत न्यायचं. मुलाखतीत स्वतःच्या तोंडाने म्हणता येईल तेवढंच इंग्रजी कागदावर ठेवायचं. कागद एक बोलतो आणि तोंड दुसरंच, हे समोरच्याच्या दोन मिनिटांत लक्षात येतं. आणि मग भाषेची उणीव त्याला चारित्र्याची उणीव वाटू लागते. अकोल्याच्या त्या मुलाला हेच भोवलं.

आता मर्यादा. थोरात आणि अ‍ॅटवेल यांच्या प्रयोगातल्या अर्जांत खोट नव्हती, तरी नाव आडवं आलंच. नीट अर्ज लिहिल्याने जात जाईल असं आम्ही म्हणत नाही. त्याची लढाई वेगळी आहे, ती खाजगी क्षेत्रातल्या प्रतिनिधित्वाची आहे आणि ती चालूच राहणार. पण वाचणाऱ्याच्या हातात आडनावाशिवाय आणखी काही ठेवणं, एवढं तरी अर्जाच्या एका पानावर आपल्या हातात असतं. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांचं प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करावं, अशी मांडणी केली होती. आपल्या वतीने दुसरा बोलला की आपलं नेमकं म्हणणं हरवतं, हे त्यामागचं शहाणपण नोकरीच्या साध्या अर्जालाही लागू पडतं. आपल्या वतीने आता मशीन बोलतंय, इतकंच.

त्या मुलीला मुलाखतीला बोलावलं. वही उघडून पाहिली, २०० रुपयांचं विचारलं, आणि ती न अडखळता बोलली. जागा मात्र स्वतःची दुचाकी असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. ती नाराज झाली, आम्हीही झालो. पण तिच्याजवळ आता तीन कामांचा मजकूर आहे, जो कुठल्याही खोलीत तिला बोलून दाखवता येतो. पुढच्या आठवड्यात तिने अमरावतीतल्या एका पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी अर्ज केला. पाण्याचा परिच्छेद एका ओळीवर आणला, फॉर्मचं वर घेतलं, आणि बचत गटाच्या परिच्छेदात एक वाक्य वाढवलं: गटातून कोणाला किती उचल दिली आणि त्यावरचं व्याज ती कसं लिहिते. या वेळी ती आम्हाला विचारायला आली नाही. लिहून झाल्यावर वाचून दाखवायला आली.

अकोल्याच्या मुलाचा अर्जही आम्ही पुन्हा लिहायला घेतला आहे. पहिली ओळ त्याने स्वतः लिहिली: "दोन उन्हाळे मी डाळ मिलमध्ये ट्रकमधून उतरणारे कट्टे मोजले आहेत."

जयभीम.